नाव शेवटी यावं: पुरस्कार सोहळ्याच्या व्हिडिओसाठी निवेदनाची संहिता

प्रश्न: आमच्या कंपनीचे तीन कारखाने आहेत: चाकण, नाशिकचं अंबड आणि कोल्हापूरजवळचं गोकुळ शिरगाव. यंदाची पुरस्कारांची संध्याकाळ आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर करायची आहे आणि तिन्ही कॅन्टीनमध्ये एकाच वेळी दाखवायची आहे. पाच पुरस्कार, प्रत्येकी तीन नामांकनं. निवेदन ऑफिसमधल्याच एक ताई करणार आहेत, संहिता मी लिहायची आहे. नामांकितांची ओळख किती मोठी असावी, नाव जाहीर करण्याआधी किती थांबावं आणि आभार कोरडे वाटू नयेत म्हणून काय करावं?

उत्तर:

लिहायला बसण्याआधी सेकंदांचा हिशेब मांडा. कॅमेऱ्यासमोर सावकाश आणि स्पष्ट मराठी बोलताना मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द होतात. तुमच्या निवेदिकेचा वेग तुम्ही स्वतःच मोजा. 200 शब्दांचा मजकूर त्यांना मोठ्यानं वाचायला द्या आणि घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचून वेळ काढला तर तो हमखास कमी निघतो, आणि मग पंधरा मिनिटांचा समजलेला व्हिडिओ पंचवीस मिनिटांचा होतो.

मिनिटाला 115 शब्द धरले तर एका पुरस्काराचं गणित असं बसतं: पुरस्कार कशासाठी आहे ते सांगायला 20 सेकंद, तीन नामांकनांना प्रत्येकी 25 म्हणजे 75, नावाकडे नेणाऱ्या वाक्यांना 10, पॉज 3, नाव 4, टाळ्यांसाठी मोकळी जागा 15 आणि विजेत्याचं मनोगत 30. एकूण 157 सेकंद. पाच पुरस्कारांची तेरा मिनिटं झाली. त्यात स्वागताचं दीड मिनिट, संचालकांच्या मनोगताची दोन मिनिटं, आभारांचं दीड आणि निरोपाचं अर्धं धरलं की साडेअठरा मिनिटं होतात. कॅन्टीनमध्ये बाकावर बसून बघायच्या व्हिडिओला एवढी लांबी पुरे. कात्री लावायची वेळ आली तर स्वागताला आणि संचालकांच्या मनोगताला लावा, नामांकनांना लावू नका. पंधरापैकी दहा जणांना त्या संध्याकाळी मिळणार आहेत ते हेच पंचवीस सेकंद.

पंचवीस सेकंद म्हणजे साधारण 45 शब्द. तिन्ही नामांकनांचे शब्द खरोखर मोजा आणि पाच शब्दांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. संहिता लिहिणाऱ्याला निकाल माहीत असतो, त्यामुळे नकळत विजेत्याची ओळख 70 शब्दांची होते, दुसऱ्याची 40 आणि तिसऱ्याची 25. बघणाऱ्यांना ते लगेच कळतं. फोटोंचंही तेच होतं. एकाचा वर्कशॉपमध्ये खास काढलेला फोटो आणि दुसऱ्याचा ओळखपत्रावरचा असेल, तर पाकीट उघडण्याआधीच निकाल लागलेला असतो. पंधराही जणांचे फोटो एकाच पद्धतीनं, त्यांच्या कामाच्या जागेवर काढून घ्या. क्रमही ठरवून ठेवा. आडनावाच्या अक्षरानुसार लावा किंवा चिठ्ठी टाका. विजेत्याचं नाव दर वेळी तिसरं आलं तर दुसऱ्या पुरस्कारापर्यंत कॅन्टीनला ते उमगलेलं असतं.

त्या 45 शब्दांत नाव, कारखाना, विभाग आणि एकच काम एवढंच बसवा. वर्षभरातली पाच कामं मोजून दाखवायचा मोह होतो, पण ऐकणाऱ्याच्या लक्षात एकच राहतं. ‘उल्लेखनीय कामगिरी’, ‘अथक परिश्रम’, ‘मोलाचा वाटा’ हे शब्द कोणालाही लागू पडतात, म्हणून ते कोणाचेच नसतात. विभागप्रमुखाला मेल पाठवून माहिती मागवली की नेमके हेच शब्द येतात. त्याऐवजी फोन करा आणि विचारा: ‘यांच्या कामामुळे आता नेमकं काय वेगळं होतं? आधी काय व्हायचं?’ या उत्तरातून ओळख लिहिता येते. सुरक्षा पुरस्काराची तीन नामांकनं मग अशी होतील:

«(पूर्ण नाव), चाकण, स्टोअर विभाग. इथे फोर्कलिफ्ट आणि माणसं एकाच वाटेनं जायची. कुठल्या वळणावर कोणाला समोरचं दिसत नाही, याच्या नोंदी यांनी आठ दिवस वहीत केल्या. त्या नोंदींवरून पिवळा पट्टा हलला, दोन वळणांवर आरसे लागले. आज पायी जाणाऱ्यांची वाट वेगळी आहे.»

«(पूर्ण नाव), अंबड, प्रेस शॉप. दोन्ही हात साच्याबाहेर राहावेत म्हणून पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. त्यातलं एक बटण टेप लावून दाबून ठेवलेलं यांना दिसलं. रात्रपाळी होती, माल निघायचा होता. यांनी प्रेस थांबवली, सुपरवायझरला बोलावलं आणि टेप निघाल्यावरच ती सुरू झाली.»

«(पूर्ण नाव), गोकुळ शिरगाव, पेंट शॉप. थिनर एका डब्यातून दुसऱ्यात ओतताना अर्थिंगची क्लिप लावायची असते. ती लांब टांगलेली होती, म्हणून घाईत राहून जायची. यांनी ती ओतण्याच्या जागेवरच साखळीनं बांधली. आता डबा ठेवला की क्लिप हाताशी असते, शोधावी लागत नाही.»

या तिन्ही मजकुरांत एकही विशेषण स्तुतीचं नाही, तरी प्रत्येकाचा मान राहतो. अंबडच्या मजकुरात बटणाला टेप कोणी लावली होती हे सांगितलेलं नाही. ते मुद्दाम गाळलं आहे. सुरक्षेच्या किंवा गुणवत्तेच्या पुरस्कारात एकाचं कौतुक करताना दुसऱ्याची चूक उघडी पडते, आणि ती व्यक्ती त्याच कॅन्टीनमध्ये बसलेली असते. मजकूर रेकॉर्डिंगआधी त्या विभागप्रमुखाला आणि नामांकिताला वाचून दाखवा. मशीनचं नाव चुकलेलं असलं तर तेव्हाच कळेल. प्रेस शॉपमधल्या माणसाला ‘मोल्डिंग’ म्हटलेलं पुसता येत नाही.

नावांचे उच्चार नामांकितांकडूनच व्हॉइस नोटवर मागवा. कारखान्यात ओडिशाचे, बिहारचे, तामिळनाडूचे लोक असतील तर हे आवश्यकच आहे, पण मराठी आडनावांतही ‘च’ आणि ‘ज’ दोन प्रकारे उच्चारले जातात आणि लिहिलेलं बघून ते कळत नाही. ‘चव्हाण’मधला च आणि ‘चितळे’मधला च वेगळा. संहितेत नावाशेजारी उच्चाराची खूण करून ठेवा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घ्यायचं की नाही, हेही ज्याचं त्यालाच विचारा.

आता पॉज. किती सेकंद थांबायचं हे सगळे विचारतात, पण उत्सुकता टिकते की नाही हे थांबण्याआधीच्या वाक्यावर ठरतं. मराठीत हे वाक्य लिहिणं अवघड आहे, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण क्रियापद. मराठी वाक्य क्रियापदानं संपतं. ‘यंदाचा सुरक्षा पुरस्कार अमुक अमुक यांना देण्यात येत आहे’ हे वाक्य छापायला ठीक आहे. बोलताना मात्र नाव ऐकताक्षणी टाळ्या सुरू होतात आणि ‘यांना देण्यात येत आहे’ त्यात बुडतं. निवेदिका टाळ्यांवर आवाज चढवून वाक्य पूर्ण करते, आणि सगळ्यात आनंदाच्या क्षणी ती ओरडल्यासारखी वाटते. म्हणून क्रियापद आधी उरकून घ्या आणि नाव एकटं शेवटी ठेवा. नावामागे ‘यांना’, ‘यांचं’, ‘हे आहेत’ काहीही नको: ‘सुरक्षा पुरस्कार या वर्षी जातोय…’ आणि मग फक्त नाव. ‘सुरक्षा पुरस्कार, मानकरी आहेत…’ हेही चालतं.

दुसरं कारण लिंग. मराठीत क्रियापद आणि नाम दोन्ही गुपित फोडतात. ‘पुरस्काराच्या मानकरी ठरल्या आहेत…’ असं म्हटलं आणि तीन नामांकितांत एकच बाई असेल, तर पुढचा पॉज फुकट गेला. ‘विजेता’, ‘विजेती’, ‘ज्याने’, ‘जिने’, ‘आपला’, ‘आपली’ हे सगळे शब्द याच गटातले. सुटका अशी की क्रियापद पुरस्काराशी जोडायचं: ‘पुरस्कार जातोय’, ‘पुरस्कार मिळालाय’, ‘पाकिटात नाव आहे’. इथे क्रियापद पुरस्काराचं किंवा नावाचं लिंग घेतं, माणसाचं घेत नाही. ‘त्यांनी केलं’, ‘यांनी थांबवली’ हेही सुरक्षित आहे, कारण तिथे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. नुसतं ‘मानकरी आहेत’ सगळ्यांना चालतं, पण त्याआधी ‘पुरस्काराचे’ किंवा ‘पुरस्काराच्या’ आलं की लिंग कळतं, आणि ‘मानकरी ठरले’ किंवा ‘ठरल्या’ही चालत नाही. एका पुरस्काराला एकटी व्यक्ती आणि पूर्ण टीम अशी मिश्र नामांकनं असतील, तर ‘आहेत’मुळे काही बिघडत नाही, पण ‘या टीमला’ म्हटलं की बिघडतं.

कारखान्याचं नावही तसंच. ‘नाशिककर, टाळ्यांची तयारी ठेवा’ हे वाक्य निवेदिकेला रेकॉर्डिंगच्या वेळी आयत्या वेळी सुचतं आणि गोडही वाटतं. तिघांत एकच जण नाशिकचा असेल तर निकाल तिथेच लागला. आयत्या वेळचं काहीही घ्यायचं असेल तर ते नाव जाहीर झाल्यानंतर घ्या.

या सगळ्यातून नावाकडे नेणारी वाक्यं अशी निघतात:

«आरसे, थांबवलेली प्रेस, साखळीला बांधलेली क्लिप. तिन्ही ठिकाणी काम करणारी माणसं आज जास्त सुरक्षित आहेत. (पाकीट उचला) सुरक्षा पुरस्कार या वर्षी जातोय… (पाकीट उघडा, कार्ड वाचा, मान वर, 3 सेकंद) (पूर्ण नाव).»

तीन सेकंद कागदावर फार थोडे वाटतात. स्वतः मोजून बघा, पडद्यावर ते बरेच लांब असतात. पहिल्या पुरस्काराला दोन सेकंद पुरतात, कारण लोकांची उत्सुकता ताजी असते. शेवटच्या, सगळ्यात मोठ्या पुरस्काराला चारपर्यंत जा. पाचांपैकी एका पुरस्काराला, शक्यतो तिसऱ्याला, जवळजवळ थांबूच नका. पाकीट उघडलं की एका श्वासात नाव. लोक थांबायच्या तयारीत असतात आणि नाव येऊन आदळतं. त्यामुळे चौथ्या वेळी ते पुन्हा कान देऊन ऐकतात. प्रत्येक वेळी ढोलाचा तोच दहा सेकंदांचा गजर वाजवला तर तिसऱ्या वेळी लोक तेवढ्यात पाणी प्यायला उठतात.

पॉज रिकामा असू नये. समोरासमोरच्या सभागृहात निवेदक नुसता उभा राहिला तरी चालतं, कारण आजूबाजूला माणसं असतात, खुसखूस चालू असते. पडद्यावर चेहरा स्थिर झाला आणि आवाज बंद झाला की दोन सेकंदांत कोणीतरी म्हणतं, ‘अडकलं काय?’ म्हणून त्या तीन सेकंदांत काहीतरी हलत राहिलं पाहिजे: पाकिटाची कड फाडणारं बोट, कार्ड बाहेर येणं, नजर खाली जाऊन परत वर येणं. आवाजाचंही तेच आहे. संगीत नावाच्या साधारण एक सेकंद आधी विरू द्या, पण त्याखाली खोलीचा स्वतःचा बारीक आवाज असू द्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळ्यांना गप्प बसवून, पंखे-एसी जसे होते तसे ठेवून, 30 सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. एडिटर तो तुकडा पॉजखाली टाकेल. पॉजमधला आवाज पूर्ण शून्य केला तर स्पीकर बंद पडल्यासारखा वाटतो.

पॉज फुटण्याची सगळ्यात सामान्य जागा म्हणजे निवेदिकेचा चेहरा. प्रॉम्प्टरवर पॉजच्या खालच्याच ओळीत नाव दिसत असेल, तर डोळे ते आधीच वाचून टाकतात आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं. नाव प्रॉम्प्टरच्या पुढच्या पडद्यावर ढकला, मध्ये सात-आठ रिकाम्या ओळी सोडा. सगळ्यात चांगलं म्हणजे नाव प्रॉम्प्टरवर घालूच नका, ते फक्त पाकिटातल्या कार्डावर असू द्या. मग वाचण्याची कृती खरी होते. संहितेत पॉजसाठी नुसती तीन टिंबं देऊ नका. प्रत्येक जण त्यांचा वेगळा अर्थ लावतो. किती सेकंद आणि त्या वेळात हातांनी काय करायचं, दोन्ही कंसात लिहा.

कार्डावर वर पुरस्काराचं नाव आणि मधोमध मोठ्या अक्षरांत एकच नाव असावं. बाकी काही नको. 2015 च्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत सूत्रसंचालकानं चुकीचं नाव जाहीर केलं. त्या कार्डावर उपविजेत्यांचीही नावं होती आणि विजेतीचं नाव खाली उजव्या कोपऱ्यात होतं. 2017 च्या ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या वेळी व्यासपीठावर आधीच्याच पुरस्काराचं जादा पाकीट गेलं, आणि ते कुठल्या पुरस्काराचं आहे हे कार्डावर खाली बारीक अक्षरांत होतं. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असल्यानं नाव चुकलं तर पुन्हा घेता येईल. पण पाच पाकिटं एकाच बैठकीत उघडताना अदलाबदल झाली, तर निवेदिका एक नाव बोलेल आणि एडिटर यादीवरून दुसऱ्याच्या नावाची पट्टी लावेल. पाकिटावर बाहेरही मोठ्या अक्षरांत क्रमांक आणि पुरस्काराचं नाव लिहा, आणि शेवटी व्हिडिओ बघताना एकानं डोळे मिटून फक्त नावं ऐकून यादी करावी, दुसऱ्यानं आवाज बंद करून पट्ट्यांवरून करावी. दोन्ही याद्या जुळल्या पाहिजेत.

रेकॉर्डिंगचा क्रम व्हिडिओच्या क्रमानं ठेवू नका. आधी पंधराही नामांकनं रेकॉर्ड करा, आणि तोवर निवेदिकेला निकाल सांगू नका. निकाल माहीत असला की विजेत्याच्या नावावर आवाज थोडा उबदार होतो, कितीही सांभाळलं तरी. सगळी नामांकनं झाल्यावर बंद पाकिटं त्यांच्या हातात द्या आणि पाचही घोषणा एकापाठोपाठ घ्या. पहिल्या टेकला त्या खरंच पहिल्यांदा वाचत असतात. तो टेक बहुतेक वेळा सर्वांत चांगला निघतो, म्हणून त्याआधी कॅमेरा आणि माइक तपासून घ्या. सुरक्षेसाठी आणखी दोन टेक घ्या.

विजेत्याच्या मनोगताचा प्रश्न मात्र अवघड वाटतो. आधी रेकॉर्ड करायला गेलो तर निकाल फुटतो, आणि नाही केलं तर व्हिडिओत विजेता बोलतच नाही. यावर उपाय सोपा आहे: पंधराही जणांना एकच प्रश्न विचारा आणि सगळ्यांचं उत्तर रेकॉर्ड करा. प्रश्न असा: ‘हे काम करताना तुमच्या सोबत कोण होतं, आणि त्यांनी नेमकं काय केलं?’ ‘पुरस्कार मिळाल्यावर कसं वाटतंय’ असं विचारू नका. खोटं बोलायला लागतं आणि ते दिसतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नामांकित म्हणूनही खरं असतं आणि विजेता म्हणूनही. त्यात कोणी रात्रपाळीच्या जोडीदाराचं नाव घेतं, कोणी डबा देणाऱ्या आईचं. व्हिडिओतले सगळ्यात खरे आभार तुम्हाला इथेच मिळतात. विजेत्याचे तीस सेकंद व्हिडिओत जातील. बाकी दहा जणांची उत्तरं त्यांना स्वतंत्र क्लिप करून पाठवा, आणि त्यातलं एखादं वाक्य शेवटच्या आभारात वापरा.

नाव बोलून झाल्यावर निवेदिकेनं पंधरा सेकंद काहीही बोलू नये. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला टाळ्यांसाठी थांबता येत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे. कॅन्टीनमध्ये दोनशे माणसं ओरडत असतील तेव्हा पडद्यावरचं पुढचं वाक्य वाया जातं. म्हणून तिथे विजेत्याचा मोठा फोटो, नावाची पट्टी आणि संगीत पंधरा सेकंद चालू द्या. एडिटरला हे रिकामं वाटेल आणि तो ते आठ सेकंदांवर आणेल. त्याला सांगून ठेवा.

त्यानंतरचं पहिलं वाक्य न जिंकलेल्या दोघांसाठी असावं. ‘बाकीच्यांनी निराश होऊ नये’, ‘पुढच्या वर्षी नक्की’ हे टाळा, त्यानं हरल्याची आठवण होते. त्यांच्या कामाचं पुढे काय होणार ते सांगा: «चाकणचे आरसे आता अंबडलाही लागणार आहेत, आणि शिरगावची साखळी तिन्ही पेंट शॉपमध्ये.» हे तेव्हाच म्हणा जेव्हा तसं खरंच ठरलं असेल. ठरलेलं नसेल तर व्हिडिओच्या निमित्तानं संबंधित प्रमुखांना विचारा. बऱ्याचदा ते हो म्हणतात.

शेवटचे आभार कोरडे का वाटतात? कारण त्यात यादी असते आणि प्रत्येक ओळीला तेच क्रियापद असतं. ‘मी आभार मानते’ दहा वेळा आलं की अकराव्याला कोणी ऐकत नाही. आणि ‘आभार न मानता त्यांच्या ऋणात राहणं पसंत करीन’ हे वाक्य आता प्रत्येक सोहळ्यात येतं. आभार मानायचे असतील तर सरळ मानावेत. आधी केलेलं काम सांगा, मग माणूस, आणि थांबा. आभाराचा शब्द चार-पाच वाक्यांत एकदाच येऊ द्या:

«हा व्हिडिओ तुम्ही बघताय तेव्हा तिन्ही कारखान्यांत काही जण लाईनवर आहेत, कारण भट्टी आणि कॉम्प्रेसर बंद ठेवता येत नाहीत. त्यांना हा व्हिडिओ उद्या सकाळी दाखवणार आहोत, नावं फोडू नका. आज रात्री उशिरापर्यंत थांबून जेवण वाढणारे कॅन्टीनचे काका-मावशी, शेवटची बस सुटेपर्यंत गेटवर उभे असलेले आमचे सिक्युरिटीचे दादा, आणि ती बस चालवणारे. तुमच्यामुळे बाकीचे निवांत बसून टाळ्या वाजवू शकले. मनापासून आभार.»

यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या कारखान्याची खरी असायला हवी. भट्टी नसेल तर भट्टी नको. कंत्राटी कामगारांना यादीतून वगळू नका. सफाई, सिक्युरिटी, कॅन्टीन बहुतेक ठिकाणी कंत्राटावर असतात, आणि त्यांचा उल्लेख नेमका म्हणूनच राहतो. व्यक्तींची नावं घ्यायची असतील तर सहा-सातच्या वर नको, आणि यादी तिन्ही कारखान्यांतल्या एकेका जुन्या माणसाला दाखवून घ्या. एक नाव राहिलं की वर्षभर लक्षात ठेवलं जातं. चाळीस नावं असतील तर ती शेवटी पडद्यावर खालून वर सरकू द्या, वाचून दाखवू नका. पट्ट्यांवरच्या नावांचं शुद्धलेखन ओळखपत्रावरून तपासा. देवनागरीतली नावं फोनवरून विचारून लिहिली की हमखास चुकतात.

संचालकांचं मनोगत आभारांना चिकटवू नका. ते चौथ्या पुरस्कारानंतर, शेवटच्या मोठ्या पुरस्काराच्या आधी ठेवा. सगळ्यांना निकाल ऐकायचा असतो, त्यामुळे कोणी उठत नाही. आणि त्यांनाही आधीच सांगा की मनोगतात कोणत्याही नामांकिताचं नाव घ्यायचं नाही.

दाखवताना एकच ऑनलाइन मीटिंग लावून तिन्हीकडे व्हिडिओ शेअर करण्याच्या भानगडीत पडू नका. नेट मंदावलं की चित्र गोठतं, आणि तुमचा तीन सेकंदांचा पॉज आणि नेटचा अडथळा यांत फरक कळत नाही. तिन्ही ठिकाणी फाइल आधी पाठवा, फोनवर एकमेकांना सांगून एकदम सुरू करा. काही सेकंदांच्या फरकानं काही बिघडत नाही, फक्त कारखान्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दहा सेकंद आधी नाव येऊ शकतं. मीटिंगशिवाय इलाज नसेल तर झूमवर स्क्रीन शेअर करताना Share sound आणि Optimize for video clip या दोन्ही खुणा करा. पहिली राहिली तर चित्र दिसतं आणि आवाज जातच नाही.

फाइल पाठवताना नाव साधं ठेवा. ‘सुरक्षा_विजेता_अंबड’ अशा नावाची फाइल लॅपटॉपवर दुपारीच चार जणांनी पाहिलेली असते. पुरस्कारांच्या वेगवेगळ्या फाइल केल्या असतील तर प्रत्येकीची सुरुवात दोन सेकंदांच्या काळ्या पडद्यानं करा आणि फोल्डर यादीच्या स्वरूपात उघडा, कारण लघुचित्रात विजेत्याचा फोटो दिसू शकतो. आदल्या दिवशी तिन्ही कॅन्टीनमध्ये, तिथल्याच स्पीकरवर, फक्त स्वागताचा भाग आणि एक नामांकन वाजवून बघा. एक्झॉस्ट पंखे चालू ठेवूनच बघा, कारण कार्यक्रमाच्या वेळीही ते चालूच असतील. शेवटच्या बाकावरून निवेदिकेचा शब्द कळत नसेल तर आधी संगीत खाली आणा, आणि नंतर आवाज वाढवा.